थर्मामीटर क्रमांक चार

असेंब्लीत दहा मिनिटं बोलायचं म्हणून लतिका इंगोलेनं रविवारी संध्याकाळी चार पानं मुद्दे काढले होते. विषय सत्यवती मॅडमनी, म्हणजे प्राचार्यांनी, ठरवून दिला होता : इंटरनेटवरून उतरवणं चूक का आणि स्रोताचा उल्लेख कसा करावा. लतिका अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. भाषण करणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण हा विषय तिच्या मनाजवळचा होता.

डिसेंबरचा पहिला सोमवार होता. मैदानावर सहाशे मुलं रांगेत उभी होती, मागच्या मुलांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. लतिका हिंदीतच बोलली. नर्मदेकाठच्या या हिंदी शाळेत मराठी बोलणारे दोन शिक्षक आणि आठ-दहा मुलं, तीही घरापुरती.

तिनं सुरुवात चोरीपासून केली नाही. चोरी म्हटलं की मुलं मान खाली घालतात आणि ऐकणं बंद करतात, हा तिचा अनुभव होता. ती म्हणाली, समजा मी तुम्हाला सांगितलं की नदीच्या एका लिटर पाण्यात सात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला आहे. तुम्ही मला पहिलं काय विचाराल? कुणी मोजला, कधी, कुठं आणि कशानं. हे चार प्रश्न विचारता येत नसतील तर सात हा आकडा नाही, अफवा आहे. जो उतरवतो तो या चार प्रश्नांची उत्तरं पुसून टाकतो. ज्यानं कष्ट केले त्याचं नाव जातं हे एक, आणि आकडा चुकीचा असेल तर ती चूक कुठून आली हे पुढं कुणालाच शोधता येत नाही हे दुसरं.

मग तिनं रीत सांगितली. लेखकाचं नाव, लेखाचं नाव, संकेतस्थळाचं नाव, तारीख दिली असेल तर ती, पूर्ण पत्ता, आणि आपण ते पान कोणत्या दिवशी पाहिलं ती तारीख, कारण पानं बदलतात. 'गूगल' हा स्रोत नव्हे, गूगल फक्त दार दाखवतं. जसंच्या तसं वाक्य घेतलं तर अवतरण चिन्हात घ्यायचं. आपल्या शब्दांत लिहिलं तरी कल्पना दुसऱ्याची असेल तर नाव द्यायचंच. चित्राचंही द्यायचं. तोंडी माहितीचंही : माणसाचं नाव, त्याचं काम, कोणत्या दिवशी बोललो. पुढच्या रांगांतली मुलं ऐकत होती. एका शिक्षिकेनं तर मागं उभ्या उभ्या लिहून घेतलं.

इथवर आठ मिनिटं झाली. उरलेली दोन तिनं उदाहरणासाठी ठेवली होती.

हे उदाहरण घ्यावं की नाही यावर ती शनिवारभर विचार करत होती. शाळेतून दरवर्षी दोन प्रकल्प राज्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जातात. यंदा पहिला क्रमांक अकरावी ब-च्या अंजनी गावंडेचा होता : दुर्गा विसर्जनाच्या आधी आणि नंतर नर्मदेच्या पाण्यातला प्राणवायू. जिलहरी घाट, ग्वारीघाट आणि तिलवाराघाट, तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी सहा दिवस. नावं पाठवण्याआधी लतिकानं दोन्ही अहवाल तपासले. तिची पद्धत साधी होती. अहवालातलं एखादं लांबलचक वाक्य दुहेरी अवतरण चिन्हात घालून शोधायचं, म्हणजे ते अक्षरशः तसंच कुठं असेल तर सापडतं. अंजनीचं पहिलंच वाक्य सापडलं. मग दुसरं, तिसरं, दहावं. दस्तऐवज ठेवायच्या एका संकेतस्थळावर सगळा अहवालच पडलेला होता, वर कुणाचंही नाव नाही. चढवल्याची तारीख ३ नोव्हेंबर. अंजनीनं अहवाल दिला होता १२ नोव्हेंबरला.

नऊ दिवस. लतिकानं तारखा दोनदा पाहिल्या आणि मग फाईल मिटली.

अहवालावर शंका आहे हे कानावर गेल्यावर गुरुवारी अंजनी स्टाफरूमच्या दारात आली होती. हातात जाडसर वही, निळ्या पुठ्ठ्याची. "ताई, ही कच्ची वही एकदा पाहता का?" ती मराठीत म्हणाली. शाळेत ती मॅडमच म्हणायची. ताई हे गावातल्या मराठी मंडळातलं. गणपतीत दोन्ही घरं एकाच मांडवात जेवायची, आणि अंजनीचे वडील रामराव हे लतिकाच्या वडिलांना अण्णा म्हणून वाकून नमस्कार करायचे.

समोरच्या टेबलावर भौतिकशास्त्राचे दुबे सर बसले होते. पहिला क्रमांक जाहीर झाला त्याच दिवशी ते हसत म्हणाले होते, "इंगोले मॅडम, इस बार तो आपके मंडल का खाता खुल गया." सगळे हसले, लतिकाही हसली. पण ते वाक्य तिला दोन आठवडे टोचत होतं. ताई हा शब्द दुबे सरांना कळला हे तिनं त्यांच्या भुवयांवरून ओळखलं. म्हणून ती हिंदीत म्हणाली की जे काही सांगायचं ते लेखी द्या, प्राचार्यांच्या नावानं. वही तिनं हातात घेतली नाही. अंजनी वही घेऊन गेली. लेखी काहीच आलं नाही. शुक्रवारी यादी गेली, अंजनीच्या नावाशिवाय.

आणि आता लतिकाच्या हातात कागदांचे दोन गठ्ठे होते. एक अंजनीचा अहवाल, दुसरा संकेतस्थळावरून छापून घेतलेला. नाव घेणार नाही, ती म्हणाली. नाव घ्यायची गरजही नव्हती. ग्वारीघाट हा शब्द निघाला तशा अकरावी ब-च्या रांगेतल्या माना एकेक करून एका जागेकडं वळल्या. अंजनी तिथं सरळ उभी होती, हात शरीराला लावून.

लतिकानं एक वाक्य एका गठ्ठ्यातून वाचलं, तेच दुसऱ्यातून वाचलं. मुलं हसली. आणखी एक वाचलं. तिनं थांबायचं ठरवलं होतं, पण बाजूला उभ्या सत्यवती मॅडमनी बोटांनी खूण केली : अजून दोन मिनिटं घ्या. क्रीडास्पर्धेची पदकं कार्यालयातून यायची होती.

मग तिनं संकेतस्थळाच्या गठ्ठ्याचं तिसरं पान उलटलं. हे पान तिनं नीट वाचलं नव्हतं. पहिल्या दोन पानांवर सगळंच जुळत होतं, मग पुढं वाचायचं कशाला, असं तिला वाटलं होतं. पानावर तापमानाचा तक्ता होता आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप. ती टीप तिनं सवयीनं मोठ्यानं वाचायला घेतली.

"तापमान थर्मामीटर क्रमांक चारनं घेतलं, दुरुस्ती अधिक..."

ती थांबली.

पुढं छापलं होतं : ०.८.

थर्मामीटर क्रमांक चार तिच्या प्रयोगशाळेतला होता. जुलैत तिनं सगळे थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवून तपासले होते. चार नंबरचा शून्याच्या खाली आठ दशांश दाखवत होता. फेकवेना म्हणून तिनं त्याच्या डबीवर स्वतःच्या अक्षरात पट्टी चिकटवली : क्र. ४, दुरुस्ती +०.८. जगात कुठल्याही संकेतस्थळावर कुणा अनोळखी माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. हा अहवाल तिच्या प्रयोगशाळेतून निघाला होता. तारीख काहीही सांगो, अहवाल आधी अंजनीचा होता आणि मग इंटरनेटचा.

हे सगळं तिला एका श्वासाइतक्या वेळात कळलं. समोर सहाशे मुलं होती. माईकमधून हवेचा आवाज येत होता.

आणि ती पुढं बोलत राहिली.

ती म्हणाली, तर मुलांनो, असं आहे. शेवटी तिनं लिहून आणलेलं वाक्य म्हटलं, की प्रामाणिक माणसाला आपला स्रोत सांगायला कधीच भीती वाटत नाही. टाळ्या झाल्या. पदकं आली.

पहिल्या तासाला तिनं प्रयोगशाळेचं वस्तू-नोंदीचं रजिस्टर काढलं. ऑक्टोबरच्या पानावर चार ओळी होत्या. थर्मामीटर क्र. ४, झाकणाच्या बाटल्या सहा, स्टार्च, थायोसल्फेट. नेणाऱ्याची सही : अंजनी गावंडे. देणाऱ्याची सही लतिकाची स्वतःची. सामान तिनंच दिलं होतं. पोरीनं घाटावर पाणी भरून, तिथंच त्यात रसायनं घालून, प्राणवायू बांधून आणायचा कसा हेही तिनंच शिकवलं होतं. हे सगळं माहीत असूनही तिनं तारखेवर विश्वास ठेवला, कारण तारीख बाहेरची होती आणि मुलगी आपली होती.

पाचव्या तासाला ती अकरावी ब-वर गेली. अंजनी नव्हती. पोट दुखतं म्हणून मधल्या सुट्टीत घरी गेल्याचं कळलं. फळ्याच्या कोपऱ्यात कुणीतरी संगणकाचा माऊस काढला होता आणि त्याची शेपटी नदीसारखी वळवली होती. लतिकानं तो पुसला.

संध्याकाळी ती चेरीतालला, अंजनीच्या वस्तीत गेली, पण आधी तिच्या घरी गेली नाही. घराच्या दोन गल्ल्या अलीकडं अंबादासचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. मंडळाच्या पत्रिका तोच छापायचा. ज्यांच्या घरी संगणक नाही ती मुलं हातानं लिहिलेला प्रकल्प त्याच्याकडं टाईप करायला टाकायची, हे लतिकाला माहीत होतं. माहीत होतं, पण आठवलं नव्हतं.

अंबादासनं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. गिऱ्हाईक येतं, बारावीचा तयार प्रकल्प मागतं. तो त्या संकेतस्थळावर असतो. तिथून काही उतरवायचं तर पैसे भरा, नाही तर आपल्याकडचं काही चढवा. मग तो चढवतो. दुकानात टाईप झालेलं जे हाताला लागेल ते.

"सगळेच करून राहिले, ताई," तो म्हणाला. "अन् मी पोरीचं नाव काढून टाकलं ना आधी. आपल्या मंडळाची पोरगी, नाव काहून फिरवायचं?"

"नाव राहू दिलं असतं तर बरं झालं असतं, अंबादास."

"म्हणजे?"

लतिकानं टाईप करायला कागद कधी आले ते विचारलं. त्यानं संगणकात पाहिलं. फाईल तीस ऑक्टोबरला बनली होती. तीन नोव्हेंबरला चढवली. अंजनीनं छापलेली प्रत दिवाळीनंतर नेली, मग बारा नोव्हेंबरला शाळेत दिली. नऊ दिवसांचा हिशेब इतका सरळ होता. त्या पडद्याचा फोटो लतिकानं काढून घेतला. फाईल तिथून काढून टाक म्हटल्यावर त्यानं लगेच काढली. पण तोवर ती एकशे सत्तेचाळीस वेळा उतरवली गेली होती, ते पानावर लिहिलेलं होतं.

गावंडेंच्या घराचं दार रामरावांनी उघडलं. ते रेल्वेत सिग्नलचं काम करायचे, रात्रीच्या ड्यूटीला निघायच्या तयारीत होते. या, असं म्हणाले, पण बाजूला झाले नाहीत. मग लक्षात येऊन झाले. त्यांनी अण्णांची तब्येत विचारली. लतिकानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, रजिस्टर, टीप, दुकान. सांगताना तिला स्वतःचा आवाज असेंब्लीतल्यासारखा मुद्देसूद वाटला.

रामराव ऐकत होते. "म्हणजे तिनं उतरवलं नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"मी सकाळी तिला मारलं," ते म्हणाले. मग दुरुस्त केलं, "दुपारी. घरी आली तेव्हा. शाळेतून फोन आला होता ना."

अंजनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली होती. गालावर काही दिसत नव्हतं. लतिकानं तिची माफी मागितली. वही मागितली. वही प्राचार्यांना दाखवते, उद्याच, प्रदर्शन बुधवारी आहे, अजून एक दिवस आहे.

"तुम्ही थांबल्या होत्या," अंजनी म्हणाली.

"काय?"

"चार नंबर वाचताना. मी पाहून राहिली होती तुमच्याकडं. तुम्हाला तेव्हाच समजलं."

लतिकानं खोटं बोलायचा विचार केला. फार वेळ नाही, पण केला. "हो," ती म्हणाली.

अंजनीनं मान हलवली, एखाद्या उदाहरणाचं उत्तर पडताळून जुळल्यासारखी. आत गेली आणि वही आणून आईच्या हातात दिली. आईनं ती लतिकाला दिली.

रात्रभर नाही, पण जेवणापर्यंत लतिका ती वही वाचत होती. अठ्ठावन्न पानं. ब्युरेटची प्रत्येक नोंद, खोडलेली दिसेल अशी खोडलेली, खोडल्याचं कारण बाजूला. एका पानावर पाण्याचा डाग आणि त्याखाली लिहिलेलं : नावेत वही ओली झाली, अंक पुन्हा लिहिले. शेवटी स्रोतांची यादी. तीन पुस्तकं, दोन संकेतस्थळं, पाहिल्याच्या तारखांसह. आणि सहावा स्रोत : पुंडलिक बर्मन, नाविक, ग्वारीघाट, प्रत्यक्ष बोलणं, २१ ऑक्टोबर, मूर्ती कुठं साचतात याविषयी. सोमवारी सकाळी लतिकानं सहाशे मुलांना जे शिकवलं होतं ते सगळं या वहीत आधीच होतं. टाईप केलेल्या अहवालात ही यादी नव्हती. अंबादासनं शेवटचं पान गाळलं होतं.

मंगळवारी सत्यवती मॅडमनी वही पाहिली, फोटो पाहिला, रजिस्टर पाहिलं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आयोजकांना लतिकासमोर फोन लावला. नोंदणी शुक्रवारी बंद झाली होती, जागा पुढच्या शाळेला गेली होती. फोन ठेवून त्या म्हणाल्या की तुम्ही खुलासा सूचना फलकावर लावा. असेंब्लीत नको. आठवड्याच्या आत शिक्षिकेनं आपलंच बोलणं फिरवलं तर उद्या खरोखर उतरवणारा मुलगाही उठून म्हणेल, मॅडम चुकल्या असतील.

"आरोप असेंब्लीत केला," लतिका म्हणाली.

"नाम तो नहीं लिया था आपने."

लतिका शनिवारी असेंब्लीत बोलली. परवानगी मागितली नाही. दिनविशेष वाचायची पाळी तिची होती, माईक हातात होता. ती म्हणाली की सोमवारी दिलेलं उदाहरण चूक होतं. अहवाल अंजनी गावंडेचा स्वतःचा आहे, दुसऱ्याच कुणीतरी तिचं काम तिच्या नावाशिवाय इंटरनेटवर टाकलं. मजकूर जुळतो एवढ्यावरून कुणी कुणाचं घेतलं हे कळत नाही, आणि चढवल्याची तारीख ही लिहिल्याची तारीख नसते. मूळ नोंदी मागायला हव्या होत्या, त्या मी पाहिल्या नाहीत. मग तिनं सर्वांत अवघड वाक्य म्हटलं : सोमवारी इथंच, बोलता बोलता, मला चूक कळली होती, आणि तरी मी थांबले नाही.

टाळ्या झाल्या नाहीत. मुलं गोंधळली होती. लहान वर्गांना काय चाललंय ते कळलं नाही, मोठ्यांना कळलं आणि ते एकमेकांकडं पाहायला लागले. सत्यवती मॅडम समोर पाहत उभ्या होत्या. त्यांचं खुलासा मागणारं पत्र सोमवारी येणार हे लतिकाला ठाऊक होतं, आणि ते आलं.

स्टाफरूममध्ये दुबे सर चहा पीत होते. त्यांनी खुर्ची सरकवून दिली. आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट समजूत होती. "अच्छा किया मॅडम. अपने लोगों के लिए करना पड़ता है."

लतिकानं त्यांना वहीविषयी सांगायला सुरुवात केली. थर्मामीटर, बर्फ, आठ दशांश. ते मान डोलवत होते, हो हो म्हणत होते, आणि बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की हे आता कुणालाच पटणार नाही. सोमवारचं सगळ्यांना पटलं होतं, कारण ती आपल्याच माणसाच्या विरुद्ध बोलली होती. शनिवारचं पटायचं नाही, त्याच कारणानं. तिनं वही प्रयोगशाळेच्या टेबलावर उघडी ठेवली आणि कुणीही येऊन पाहावं असं वर्गावर्गात सांगितलं. आठवड्यात चार मुली आल्या. त्यांनी पाण्याचा डाग पाहिला आणि पुढचं पान न उलटता गेल्या. मग वही अंजनीला परत दिली.

अंजनी रोज येत होती. उत्तरं विचारली तर द्यायची. विज्ञान मंडळात नाव दिलं नाही. पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाचं लतिकानं एकदा विचारलं, तर म्हणाली की मी नाही करत.

जानेवारीत टायट्रेशनचं प्रात्यक्षिक होतं. ऑक्झॅलिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत. प्रत्येकानं एकसारखी तीन वाचनं मिळवायची होती. लतिका टेबलांमधून फिरत होती. अंजनीनं हात वर केला.

ती गेली. ब्युरेटमधली पातळी नऊ पूर्णांक सहा दशांशावर होती. अंजनीनं वहीत ९.६ लिहिलं आणि वही पुढं केली. रकाने तिनं स्वतः आखले होते. सुरुवातीचं वाचन, शेवटचं वाचन, फरक, आणि चौथा रकाना, जो पुस्तकात नसतो. त्यावर लिहिलं होतं : समोर कोण होतं.

"मॅडम, साईन," ती म्हणाली. हिंदीत, म्हणजे सगळ्यांना कळेल असं.

शेजारच्या टेबलावर दोन मुलं हसली. लतिकानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. तिनं वाकून पातळी पाहिली, डोळा रेषेच्या सरळ आणून, जशी पाहायला हवी तशी. मग सही केली आणि तारीख टाकली.

अंजनीनं ब्युरेट पुन्हा भरलं. चौथ्या मिनिटाला पुन्हा हात वर केला.